दोन किल्ल्यांची खोली

फोन हरवला त्या दिवशी मी रडले नाही, चिडले. आमच्या माहेरी रडायच्या जागी चिडायची पद्धत आहे. सोलापुरात सात रस्त्याला शेअर रिक्षात बसले, विजापूर रोडला उतरले आणि पैसे द्यायला पर्स उघडली तर फोन नाही. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बघा की नीट, हितंच असंल." नव्हता. शेजारी बसलेली बाई मधेच उतरून गेली होती. तिच्यावर संशय घ्यावा, तर उतरताना तिने माझी कलंडलेली भाजीची पिशवी सरळ करून ठेवली होती. चोरी करणारं माणूस एवढं घरंदाज वागत असेल, तर राग तरी कुणावर काढायचा?

मग तो मी स्वतःवर काढला. घरी आले, लॅपटॉप उघडला. माझा मेल त्यावर उघडाच होता, नेहमीसारखा. मनात आलं, फोन ज्याच्या हाती लागलाय तो आता माझं सगळं बघत बसेल. काय करतेय याचा विचार न करता मी मेलमधून लॉगआउट केलं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून ब्राउझरची सगळी जुनी आठवणही पुसून टाकली. काहीतरी केलं असं वाटलं. चहा ठेवला. चहा उकळत असताना लक्षात आलं की चोर जिथे असेल तिथे असो, दाराबाहेर मीच उभी आहे.

माझ्या खात्याला दोन कुलपं होती. पहिलं पासवर्डचं, ते माझ्या डोक्यात. दुसरं सहा आकड्यांचं. ते आकडे एका ॲपमध्ये दिसायचे, दर अर्ध्या मिनिटाला बदलायचे, आणि ते ॲप फोनमध्ये होतं. लॅपटॉप एरवी आकडे मागायचा नाही, कारण तो मी ओळखीचा करून ठेवला होता. ती ओळख मी आत्ताच पुसली होती. पासवर्ड टाकला तसं पुढचं पान म्हणालं, ॲपमधला कोड टाका. मी त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले आणि चहा उतू गेला.

आता त्या खात्यात काय होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, नवं खातं काढायचं. माझं काम दुसऱ्यांच्या मुलाखती ऐकून टाइप करून देण्याचं. संशोधन करणारे लोक रेकॉर्डिंग पाठवतात, मी कानाला हेडफोन लावून दिवसभर अनोळखी माणसांचं बोलणं लिहून काढते. त्या कामाच्या फाइली परत मागवता आल्या असत्या. गिऱ्हाईक दोन शब्द सुनावतं आणि पाठवतं. पण त्याच खात्यात मीनाबाईंच्या ओव्या होत्या.

मीनाबाई माझ्या सासूबाई. कायद्याने आता नाहीत. त्यांचा मुलगा बुद्धभूषण आणि मी वेगळे झालो त्याला चार वर्षं झाली. आम्ही भांडून वेगळे झालो असतो तर सांगायला तरी सोपं गेलं असतं. मूल झालं नाही, बोलणं कमी होत गेलं, आणि एक दिवस दोघांच्या लक्षात आलं की घरात फक्त आईच बोलतात. मीनाबाई निवडणं-टिपणं करताना ओव्या म्हणायच्या. जुन्या म्हणायच्या, आणि सुचेल तशा नव्याही. मी त्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचे. फोन भरला की खात्यात टाकायचे आणि फोनवरून काढून टाकायचे. दुसरीकडे कुठेच त्यांची प्रत नव्हती.

गेल्या वर्षी बुद्धभूषणचा मेसेज आला, 'आईला पॅरालिसिस झाला. उजवी बाजू आणि वाचा गेली.' मी 'काळजी घ्या' असं लिहिलं. ओव्या पाठवायचं मनात होतं. पण खरं सांगू? त्या माझ्याकडेच राहाव्यात असं वाटायचं. रोज संध्याकाळी ताट वाढून घेतलं की मी एक ओवी लावायचे. ताटासमोर कुणाचा तरी आवाज असला की भाकरी गळ्याखाली उतरते. त्या आवाजाला हेडफोन लागत नव्हते, तो घरभर ऐकायचा असायचा.

त्या संध्याकाळी मी उभ्यानेच जेवले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार नोंदवली आणि मल्लिनाथच्या दुकानात गेले. मल्लिनाथ आमच्या कोपऱ्यावरचा मोबाइलवाला. स्वभावाने चांगला, फक्त त्याला न येणारी एकही गोष्ट जगात नाही असं तो समजतो. त्याने माझ्याच नंबरचं नवं सिम काढून दिलं, एक साधासा स्मार्टफोन दिला आणि म्हणाला, "मॅडम, सिम आलं की सगळं आलं बघा. आज मेसेज यायचे न्हाईत, नवीन सिमला एक दिवस मेसेज बंद ठेवत्यात. उद्या या वेळेला तुमचं सगळं जाग्यावर."

उद्या उजाडला, मेसेज सुरू झाले. बँकेचा आला, गॅसचा आला, कुणीतरी मला कर्ज द्यायला तयार आहे असाही आला. मेलच्या सहा आकड्यांचा आला नाही. मी तावातावाने मल्लिनाथकडे गेले.

"ते ॲप परत टाका की," तो म्हणाला.

टाकलं. ॲप उघडलं तर कोरं. त्यात माझ्या खात्याचं नाव नाही, आकडे नाहीत, काही नाही. मल्लिनाथने फोन उलटा-सुलटा करून बघितला, जणू आकडे मागच्या बाजूला चिकटलेत.

तेव्हा मला बुद्धभूषणने एके काळी सांगितलेलं आठवलं. ते आकडे बाहेरून येतच नाहीत. ते ॲप लावताना एक गुपित फोनच्या पोटात ठेवलं जातं, आणि त्या गुपितावरून आणि घड्याळावरून फोन स्वतःच आकडे तयार करतो. नेट नसलं तरी करतो. म्हणून सिम नवं आलं तरी उपयोग नाही. गुपित जुन्या फोनबरोबर गेलं. त्या ॲपची प्रत खात्यावर ठेवायची सोय होती, ती मी लावताना 'नको' म्हटलं होतं. मेसेजने कोड घ्यायची वाट तर बुद्धभूषणनेच बंद करवली होती. नंबर कुणी फसवून स्वतःच्या नावे काढला तर मेसेज त्याच्याकडे जातात, असं त्याचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. बरोबर म्हणण्याचा मला फार राग येतो.

खातं परत मिळवायचा अर्ज भरला. जुना पासवर्ड विचारला, खातं कधी काढलं ते विचारलं. मी मनापासून उत्तरं दिली. काही दिवस थांबा म्हणाले, थांबले. उत्तर आलं की हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही. फोन नवा, ब्राउझर पुसलेला. त्यांनी तरी मला कशावरून ओळखावं? इंटरनेटवर एकजण पैसे घेऊन खातं उघडून देतो म्हणत होता. त्याला पासवर्ड सांगावा लागेल म्हणाला. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सबंध आठवडा घरात मिक्सर आणि पंखा सोडून कशाचा आवाज नव्हता. एकदा मी स्वतःच एक ओवी म्हणून बघितली. पहिली ओळ आली, दुसरी आली नाही. वर्षभर रोज ऐकून मला ती येत नव्हती. आवाज हाताशी आहे म्हणून मी पाठच केली नव्हती.

आता कोडच्या कागदाचं सांगते. हे कुलूप लावलं तेव्हा मेलवाल्यांनी दहा बॅकअप कोड दिले होते, प्रत्येक आठ आकडी. फोन हरवला तर ॲपच्या आकड्यांऐवजी यातला एक टाकायचा. एक कोड एकदाच चालतो. कुणाच्या हाती कागद लागला तरी पासवर्ड नसेल तर त्याचा उपयोग शून्य. बुद्धभूषणला ही व्यवस्था फार आवडली होती.

तो कुर्डुवाडीला रेल्वेत सिग्नल मेंटेनर आहे. त्यांच्याकडे स्टेशनात रिले रूम नावाची एक खोली असते, सगळ्या सिग्नलांचा जीव त्या खोलीत. तिला दोन कुलपं असतात. एकाची किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसऱ्याची सिग्नलवाल्याकडे. एकट्याने ती खोली कुणाला उघडता येत नाही. "तुजं खातं म्हंजे रिले रूम हाय," तो म्हणाला होता. त्याने ते दहा कोड आपल्या रजिस्टरी अक्षरात एका कागदावर उतरवले, कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि चिकटवल्या जागेवर आडवी सही केली. मलाही करायला लावली. "उगडायचं तर दोगांसमोर." आणि पाकीट लोखंडी कपाटात ठेवलं. मी हसले होते. माझ्यासाठी मी त्या कोडची फाइल उतरवून घेतली आणि, हुशारच ना मी, त्याच खात्यात ठेवली. किल्ली घरात ठेवून बाहेरून दार ओढून घेतल्यासारखं.

म्हणजे माझी प्रत आत अडकली होती आणि दुसरी कुर्डुवाडीला, असलीच तर. घटस्फोट झाल्यावर कोण कुणाचं पाकीट सांभाळतं? त्याहून वाईट म्हणजे, नवे कोड काढले की जुने दहाच्या दहा रद्द होतात. वेगळं झाल्यावर एकदा चिडून मी त्या पानावर गेले होते, की त्याच्या कपाटातला कागद मेला पाहिजे. 'नवे कोड' हे बटण समोर होतं. मी ते दाबलं होतं की नाही, हे मला आठवत नव्हतं.

नव्या फोनमध्ये एकही नंबर नव्हता, सगळे त्या खात्यात. बहिणीचा पाठ नाही, घरमालकाचा पाठ नाही. एकच नंबर बोटांना पाठ होता. तो लावला.

"कोण?"

"मी दीक्षा बोलतेय."

मागे गाडीची शिट्टी वाजली. "बोल," तो म्हणाला.

मी फोन हरवल्याचं सांगितलं. पाकिटाचं विचारलं. "तुमी टाकून दिलं असंल तर ऱ्हाऊ दे," असंही म्हटलं. त्याच्याशी बोलताना माझी जीभ आपोआप तिकडची होते.

"टाकून कशापायी दीन? हाय की कपाटात."

"मग उघडा आणि एक कोड सांगा. मी लॅपटॉपसमोरच बसलेय."

"न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"फोनवर उगडायचं न्हाय. दोगांच्या सह्या हायत त्येच्यावर. तू ये."

मला इतका राग आला की फोन कापला. मग पाणी प्याले, परत लावला आणि रविवारी येते म्हणाले.

कुर्डुवाडीच्या गाडीत जागा मिळाली. मोहोळ गेलं, माढा गेलं. लॅपटॉपची बॅग मी मांडीवर धरून बसले होते. समोरच्या बाईने विचारलं, "माह्यारला का?" मी मान हलवली, तिला हवं ते तिने समजून घेतलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की दाबलं होतं का ते बटण. दाबलं असेल तर मीनाबाईंचा आवाज मीच पुसला.

रेल्वे क्वार्टरचं दार उघडंच होतं. बुद्धभूषण जरा जाड झाला होता, केस कानशिलाला पांढरे. "ये," म्हणाला आणि माझ्या हातातली बॅग घ्यायला पुढे झाला, मग थांबला. बॅग माझ्याच हातात राहिली. खिडकीला नवे पडदे होते, गुलाबी. हे काही त्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं.

मीनाबाई खिडकीजवळच्या कॉटवर उशीला टेकून होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघितलं आणि त्यांचा डावा हात वर आला. मी जवळ बसले तशी त्यांनी माझं मनगट धरलं. पकड पहिल्यासारखीच, लोखंडी. त्या काहीतरी म्हणाल्या. तो शब्द नव्हता, घशातून आलेला नुसता हुंकार होता. मी म्हटलं, "व्हय आई, आले."

बुद्धभूषणने पाण्याचा तांब्या दिला. मग कपाटातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पिवळं पडलेलं, पण बंद. आडव्या दोन सह्या. माझी सही तेव्हाची, त्याचं आडनाव लावलेली.

"बघ," तो म्हणाला, "सील ठीक हाय न्हवं?"

"ठीक हाय."

"मग उगडतो." त्याने पट्टी घालून पाकीट उघडलं. सह्या मधोमध फाटल्या.

मी लॅपटॉप सुरू केला, फोनचं नेट जोडलं. पासवर्ड टाकताना तो सवयीने खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कोडच्या पानावर मी 'दुसरा मार्ग' निवडला, त्यातून 'बॅकअप कोड'. कागदावर दहा ओळी होत्या. पहिल्या ओळीपुढे शाईची बरोबरची खूण होती, ठळक. बाकीच्या नुसत्या. खूण असलेला म्हणजे खात्रीचा. मी तोच टाकला, आकडा आकडा तपासून.

चुकीचा कोड, असं पान म्हणालं.

पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

मी हात मांडीवर घेतले. दाबलं होतं तर. त्या रागातच दाबलं होतं. मागे कॉटवर मीनाबाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि मला वळून त्यांच्याकडे बघवेना. "कागद मेलाय," मी म्हटलं. "मीच मारला. नवे कोड काढले असतील मी, तुमच्यावरच्या रागानं. आता आईंचा आवाज गेला."

"आईचा आवाज?"

त्याला माहीतच नव्हतं. ओव्या मी रेकॉर्ड करायचे ते त्याने बघितलं होतं, पण बायकांचं काहीतरी चाललंय यापलीकडे त्याने लक्ष दिलं नव्हतं. त्या अजून आहेत, तेही या खात्यात, हे त्याला आत्ता कळलं. तो खुर्चीवर बसला. कागद ओढून घेतला आणि एकेक ओळ तपासत गेला.

"तू ह्यो टाकला? खुणंचा?"

"मग? बरोबरची खूण तुमीच केलीय की."

"दीक्षा," तो म्हणाला, "ही खूण तपासल्याची हाय."

त्यांच्याकडे तशी रीत आहे. तार तपासली, दिवा तपासला, की वहीत बरोबरची खूण. खूण असलेली वस्तू पक्की, बिनखुणेची कच्ची. पाकीट चिकटवायच्या आधी त्याने माझ्याकडून एक कोड टाकवून बघितला होता, चालतो का म्हणून. चालला, आणि हाताच्या सवयीने खूण केली. दिवा कितीही वेळा लावून बघता येतो. कोड एकदा तपासला की संपतो. म्हणजे कागदावर जो पक्का दिसत होता तोच एकटा मेलेला होता, आणि हे आम्हा दोघांनाही तेव्हा सुचलं नव्हतं.

"दुसरा टाक," तो म्हणाला.

दुसरा टाकताना मी दोनदा ओळ चुकले, म्हणून त्याने आकडे वाचून दाखवले. एकेक, सावकाश, स्टेशनात गाडीचा नंबर सांगतात तसे. शेवटचा आकडा झाला. पान क्षणभर पांढरं राहिलं आणि माझा मेल उघडला.

मला रडू आलं. चिडायला कुणीच उरलं नव्हतं.

ओव्यांचा फोल्डर जसाच्या तसा होता. मी कुठलीतरी एक लावली. आधी सुपात ज्वारी पाखडल्याचा आवाज, मागे कुठेतरी इंजिन, आणि मग मीनाबाई, खणखणीत:

माज्या गं दारामंदी
उबी ऱ्हायली पाव्हणी,
आदी देते गं तांब्या पाणी,
नाव इचारते मागुनी.

ही तीच, जिची दुसरी ओळ मला येत नव्हती. बुद्धभूषण उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मीनाबाई लॅपटॉपकडे टक लावून बघत होत्या. त्यांचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता, पण ओळीच्या बरोबर हलत होतं. ओवी संपली तशी त्यांनी डाव्या हाताने चादरीवर थाप मारली. परत लाव. मी परत लावली. किती वेळा लावली ते मोजलं नाही.

मग कामं उरकली. सगळ्या ओव्या मी त्याच्या पेनड्राइव्हवर आणि त्याच्या फोनवर उतरवून दिल्या, जे वर्षभरापूर्वीच करायला हवं होतं. हरवलेला फोन खात्यातून बाहेर काढला. नव्या फोनवरच्या ॲपने लॅपटॉपवरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड वाचला, सहा आकडे दिसायला लागले. ते टाकले, जुन्या फोनचं ॲप बाद झालं. शेवटी नवे बॅकअप कोड काढले. या वेळी बटण दाबल्याचं मला नीट आठवणीत राहील. टेबलावरच्या कागदातले उरलेले आठ त्या क्षणी मेले.

नवे दहा मी हाताने लिहिले, दोनदा. एक कागद माझ्या पर्समध्ये, घरी गेल्यावर डाळीच्या डब्याखाली जाईल. दुसरा पाकिटात घातला आणि चिकटवला. सही केली, माझं माहेरचं नाव. पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने ते उचललं नाही. "दीक्षा," तो म्हणाला, "डिशंबरात माजं लग्न हाय. टेंभुर्णीची हाय. चांगली हाय. आईचं करती येऊन-जाऊन." पडद्यांचा उलगडा झाला. "तिच्या कपाटात तुजं पाकीट ठिवणं बरं दिसत न्हाय."

"न्हाय दिसत," मी म्हटलं. मला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटण्याचा काही हक्क नव्हता म्हणून जास्त वाटलं.

"भैनीकडं ठिव की."

"बहीण दुबईला."

"मैत्रीण कुणी?"

मी विचार केला. खरंच केला. ज्यांचे आवाज मी दिवसभर ऐकते ती माणसं मला ओळखत नाहीत. घरमालक भाड्याच्या तारखेला बोलतो. मल्लिनाथला पाकीट दिलं तर संध्याकाळपर्यंत तो सगळ्या विजापूर रोडला त्याचं महत्त्व समजावून सांगेल. एक कागद दुसऱ्या कुणाकडे ठेवायचा एवढीच गोष्ट, आणि सोलापुरात मला नाव सुचेना. मी पाकीट परत पर्सकडे नेलं. दोन्ही कागद एकाच घरात राहिले असते. ते चुकीचं आहे हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

कॉटवरून थाप ऐकू आली. मला वाटलं ओवी लावायची. पण मीनाबाईंनी डावा हात पुढे केला होता, तळवा वर. मी जवळ गेले. त्यांनी माझ्या हातातून पाकीट घेतलं, उलटं केलं, चिकटवलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि मुलाकडे बघितलं.

"सई पायजे म्हणती," तो म्हणाला आणि पेन दिलं.

उजव्या हाताने सही करायच्या त्या. प्रौढ वर्गात जाऊन शिकल्या होत्या, आणि त्यानंतर कुठेही अंगठा लावला नव्हता. आता डाव्या मुठीत पेन धरून त्यांनी माझ्या नावावरून एक वाकडी रेघ ओढली. पुसट झाली म्हणून परत ओढली. मग पाकीट उशीखाली सारलं आणि वर डोकं टेकून डोळे मिटले.

"चला," बुद्धभूषण म्हणाला, "ती काय कुणाला सांगायची न्हाय."

आम्ही दोघं हसलो. आईही एका बाजूने हसल्या.

तो स्टेशनपर्यंत आला. फलाटावर गाडी वेळेवर आहे असं त्याने तीनदा सांगितलं. मी डब्यात चढले तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला, "फोन नीट संबाळ."

"व्हय," मी म्हटलं.

घरी पोचले, ताट वाढून घेतलं, ओवी लावली. नवा फोन ताटाशेजारी ठेवला होता आणि त्यात आकडे दर अर्ध्या मिनिटाला बदलत होते. तो मी जपणारच आहे. पण जेवता जेवता मला वाटून गेलं, की हरवलाच, तर डाळीच्या डब्याखाली कागद असूनही मी कुर्डुवाडीलाच जाईन.